तार ताणून लांब केली: आतले इलेक्ट्रॉन जलद की हळू?

मृण्मयी_स

बारावीच्या काही मुलांना मी घरी फिजिक्स शिकवते. एका सराव परीक्षेत हा प्रश्न आला होता: L लांबीची तांब्याची तार एका सेलला जोडली आहे आणि तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांचा ड्रिफ्ट वेग v आहे. तार ओढून लांबी दुप्पट केली आणि पुन्हा त्याच सेलला जोडली, तर ड्रिफ्ट वेग किती? पर्याय होते v/4, v/2, v आणि 2v.

रेझिस्टन्स चौपट होतो यावर सगळ्यांचं एकमत आहे. लांबी दुप्पट, घनफळ तेवढंच म्हणून छेदाचं क्षेत्रफळ A निम्मं, R = ρL/A मध्ये वर दोन आणि खाली अर्धा. वेगावर मात्र वर्गात तीन गट पडले. एकाचं म्हणणं करंट चौथाई झाला म्हणजे वेगही चौथाई. दुसरीचं म्हणणं तार बारीक झाली, म्हणजे इलेक्ट्रॉनांना धावावंच लागणार, तेव्हा 2v. तिसऱ्याने v/2 लिहिलं, पण का ते त्याला नीट सांगता येईना. उत्तरसूचीत v/2 आहे. मला ते पटतं, पण 2v म्हणणाऱ्या मुलीचा मुद्दा सरसकट चूक आहे असं म्हणायला मन धजत नाही. तिला काय सांगू?

घाटमाथा

त्या मुलीचं बरोबर आहे. बागेतल्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं. I = neAv हे सूत्र तेच सांगतं: A निम्मा झाला की v दुप्पट. उत्तरसूची तपासून घ्या, त्यात चुका असतातच.

अक्षय_बारावी

मॅडम, मी पण आधी v/4 च केलं होतं. करंट चौथाई होतो हे खरं आहे, पण I = neAv मध्ये A पण बदललाय हे विसरायला होतं. I/4 = ne(A/2)v' असं लिहिलं की v' = v/2 येतं.

प्रयोगवही

अक्षयचं गणित बरोबर आहे. पण मृण्मयीताई, तुमच्या विद्यार्थिनीला समजवायला त्याहून सरळ रस्ता आहे, त्यात करंट काढावाच लागत नाही. इलेक्ट्रॉनाला पुढे ढकलतं ते तारेतलं विद्युत क्षेत्र, म्हणजे दर मीटरला किती व्होल्ट पडतात ते. सेल तीच, व्होल्ट तेवढेच, आणि ते आता दुप्पट लांबीवर वाटले गेले. क्षेत्र निम्मं, म्हणून ड्रिफ्ट वेग निम्मा. यात जाडी कुठेच आली नाही. त्याच लांबीची, छेदाचं क्षेत्रफळ दहापट असलेली तार लावली आणि टोकांना तेवढेच व्होल्ट ठेवले तरी इलेक्ट्रॉन त्याच वेगाने सरकतील, फक्त एका वेळी दहापट जास्त सरकतील. मुलांना हे एकदा पटलं की बाकीचं आपोआप सुटतं.

घाटमाथा, तुमच्या नळीच्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे अंगठ्याने दाबल्यावरही पाणी तेवढंच येतं. तारेत A निम्मा झाल्यावर v दुप्पट व्हायचा तर I तेवढाच राहायला हवा. या प्रश्नात I चौथाई झाला आहे. म्हणजे सूत्र बरोबर वापरलंत, पण काय कायम आहे ते न बघता वापरलंत.

कॉइलवाले

सर, माझा अनुभव वेगळा आहे. माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, शेगडीच्या कॉइली रोज बदलतो. हजार वॅटची नवी कॉइल आखूड येते. खाचेत बसवायला ती ओढून तिपटीहून लांब करावी लागते. ओढायच्या आधी मीटर लावला तरी पन्नासच्या वर ओहम आणि ओढल्यावरही तेवढेच. तुमच्या हिशोबाने नऊपट व्हायला पाहिजे होते. मग शेगडी तापलीच नसती.

प्रयोगवही

तुमचं मोजमाप अगदी बरोबर आहे, पण तिथे तार ताणली जात नाही. कॉइल ओढल्यावर वेटोळ्यांमधलं अंतर वाढतं, वेटोळी मोकळी होतात. नायक्रोमची तार उलगडून मोजली तर आधी जेवढी तेवढीच लांब आणि तेवढीच जाड. म्हणून रेझिस्टन्स हलत नाही. २३० व्होल्टला १००० वॅट म्हणजे सुमारे ५३ ओहम, तुमच्या मीटरवर तेच दिसतं.

मात्र कॉइल ओढताना एखाद्या जागी वेटोळं पूर्ण सरळ होऊन तिथली तार खरोखर ताणली गेली, तर ती जागा आधी लाल होते आणि तिथेच कॉइल तुटते. हे तुम्ही पाहिलं असेल.

कॉइलवाले

रोजचं आहे. एका ठिकाणी जास्त ओढली गेली की तेवढाच भाग पिवळट पांढरा दिसतो, बाकी कॉइल लाल. ती कॉइल फार दिवस टिकत नाही. गिऱ्हाईक म्हणतं माल खराब, पण बसवतानाच ओढ कमीजास्त झालेली असते.

घाटमाथा

मग हेच तर मी म्हणतोय! त्या बारीक झालेल्या जागी करंट बाकीच्या कॉइलइतकाच आहे, कारण सगळं एकामागे एक जोडलंय. म्हणजे तिथे इलेक्ट्रॉन जलदच जात असणार.

प्रयोगवही

तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. बारीक जागेचा रेझिस्टन्स अख्ख्या कॉइलच्या मानाने नगण्य, त्यामुळे करंट किती वाहायचा हे बाकीची कॉइल ठरवते. त्या जागेपुरता करंट जणू कायम आहे, आणि तिथे छेदाचं क्षेत्रफळ निम्मं तर वेग दुप्पट.

मृण्मयीताई, तुमच्या विद्यार्थिनीला हेच सांगा. ती विचारते आहे त्या प्रश्नाचं उत्तर 2v आहे, पण तो परीक्षेतला प्रश्न नव्हे. आणि परीक्षेतला प्रश्नही अर्धवटच आहे, कारण "त्याच सेलला जोडली" एवढ्याने काम भागत नाही. सेलच्या आत स्वतःचा रेझिस्टन्स असतो.

एक तार घेऊन आकडे मांडतो. २६ गेजची तांब्याची तार, व्यास ०.४५७ मिलिमीटर, लांबी २ मीटर. तिचा रेझिस्टन्स येतो ०.२१ ओहम. तांब्यात एका घनमीटरला सुमारे ८.५ × १०²⁸ मुक्त इलेक्ट्रॉन धरले, तर १ अँपिअरला ड्रिफ्ट वेग येतो सेकंदाला ०.४५ मिलिमीटर. ही तार ताणून २.४ मीटर केली, म्हणजे १.२ पट. दुप्पट मुद्दाम घेत नाही, कारण हाताने ओढून तांब्याची तार दुप्पट होत नाही, आधीच तुटते. रेझिस्टन्स १.४४ पट, म्हणजे ०.३० ओहम.

१ अँपिअर कायम ठेवणारा सप्लाय लावला तर वेग ०.४५ वरून ०.५४ होतो, म्हणजे १.२ पट वाढतो. त्याऐवजी तारेच्या दोन टोकांना ०.२१ व्होल्ट कायम ठेवले तर करंट ०.६९ अँपिअरवर येतो आणि वेग ०.३७ होतो, म्हणजे १.२ ने भागला जातो. तीच तार, तेवढीच ताणलेली, आणि दोन उलटी उत्तरं.

आता दीड व्होल्टची सेल घ्या आणि समजा तिचा आतला रेझिस्टन्स ०.५ ओहम आहे. ताणण्याआधी एकूण ०.७१ ओहम, करंट २.११ अँपिअर, वेग ०.९५ मिलिमीटर. ताणल्यावर एकूण ०.८० ओहम, करंट १.८७ अँपिअर, वेग १.००. म्हणजे खरीखुरी सेल लावून केलेल्या या प्रयोगात वेग वाढला!

अक्षय_बारावी

सर हे भारी आहे. मी ते सूत्रात घातलं. लांबी k पट केली तर नवा वेग k/(k²R + r) च्या प्रमाणात येतो, r म्हणजे सेलचा आतला रेझिस्टन्स. हे k = √(r/R) ला सगळ्यात जास्त होतं. तुमच्या आकड्यांत √(०.५/०.२१) म्हणजे १.५४. त्याच्या पुढे ताणलं तर वेग परत कमी व्हायला लागेल. आणि R जर r पेक्षा मोठा असेल तर ताणल्यावर वेग पहिल्यापासूनच कमी होतो.

बरोबर आहे का?

प्रयोगवही

बरोबर. आणि r मध्ये फक्त सेलचा आतला रेझिस्टन्सच धरायला हवा असं नाही, तारेव्यतिरिक्त सर्किटमध्ये जे काही आहे ते सगळं त्यात येतं. घरातल्या वायरीला पुढे ५३ ओहमची शेगडी लावली आहे, तर r जवळजवळ ५३. वायरीचा एक ०.२ ओहमचा भाग दुप्पट लांब आणि निम्म्या क्षेत्रफळाचा झाला तरी करंट टक्काभरच घटेल आणि त्या भागात वेग जवळपास दुप्पट होईल. घाटमाथांचं उत्तर आणि उत्तरसूचीचं उत्तर ही एकाच सूत्राची दोन टोकं आहेत.

मृण्मयी_स

आता तिला काय सांगायचं ते स्पष्ट झालं, खूप आभार. पण दुप्पट होत नाही हे नवीन आहे. आमच्या सगळ्या पुस्तकांत तारा दुप्पट, तिप्पट, अगदी पाचपट ताणलेल्या असतात!

ताणकाम

तार ओढायच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणून लिहितो. तापवून मऊ केलेली तांब्याची तार दोन टोकांना धरून ओढली तर साधारण तीस टक्क्यांच्या आसपास साथ देते. मग कुठेतरी मान पडते, म्हणजे एकाच जागी तार बारीक होत जाते आणि तिथेच तुटते. कडक तार असेल तर एखाद-दुसऱ्या टक्क्यातच तुटते. लांबी दुप्पट करायची तर डायमधून, म्हणजे तारेहून बारीक भोकातून, ओढावी लागते. डाय सगळीकडून दाबत असते, म्हणून मान पडत नाही. एका डायला क्षेत्रफळ साधारण वीस टक्के कमी केलं तर तीन डायमध्ये ते निम्म्यावर येतं.

पण पुस्तकात न लिहिलेली गोष्ट पुढेच आहे. सगळे ρ कायम धरतात. थंड ओढलेल्या तांब्याचा ρ कायम राहत नाही. मऊ तांब्यासाठी १९१३ साली ठरलेलं प्रमाण आहे, २० अंशाला १.७२४१ × १०⁻⁸ ओहम-मीटर, त्याला आम्ही १०० टक्के कंडक्टिव्हिटी म्हणतो. तेच तांबं भरपूर ओढून पूर्ण कडक झालं की ९७ टक्क्यांच्या आसपास येतं. ओढताना स्फटिकांची रचना बिघडते, इलेक्ट्रॉन जास्त वेळा अडखळतात. परत तापवून मऊ केलं की आकडा परत येतो. त्यामुळे चौपट हे उत्तर प्रत्यक्षात चौपटीहून थोडं जास्तच निघतं.

दवबिंदू

मी कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. प्रयोगवही सरांनी दिली आहे अगदी तशीच तार आम्ही मुलांकडून ताणून घेतो, २६ गेज, उघडी, मऊ. इनॅमल असलेली घेत नाही कारण ते खरवडताना तांबंही खरवडलं जातं. तारेवर शाईने दोन खुणा करतो, बरोबर २ मीटरवर. करंटचे क्लिप टोकांना आणि व्होल्टमीटरच्या पिना त्या खुणांवर, म्हणजे क्लिपच्या जोडाचा रेझिस्टन्स मापात येत नाही. ताणल्यावर खुणा तारेबरोबरच सरकतात, त्यामुळे नवी लांबी म्हणजे दोन खुणांमधलं अंतर. पकडीतून तार घसरली तरी माप बिघडत नाही.

१.२ पट ताणल्यावर १.४४ यायला हवं. आमच्याकडे १.४७ च्या आसपास येतं, म्हणजे दोन टक्के जादा. आजवर आम्ही ते "प्रयोगातली त्रुटी" म्हणून सोडून देत होतो. ताणकाम, हे तुम्ही म्हणता ते कडक होणं असू शकतं का?

ताणकाम

मला ते जास्त वाटतं. तीन टक्क्यांचा फरक पूर्ण कडक, भरपूर ओढलेल्या तारेत येतो. वीस टक्के लांबवलेल्या तारेत त्याचा काही भागच यायला हवा. थोडं कडक होण्यातून, उरलेलं दुसऱ्या कशातून तरी येत असणार.

प्रयोगवही

माझा पहिला संशय उष्णतेवर आहे. तांब्याचा रेझिस्टन्स एका अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे पाच अंशांना दोन टक्के. तुमचा सगळा जादा आकडा पाच अंशांत मावतो. आणि एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: ताणताना आपण केलेलं बहुतेक काम तारेतच उष्णता होऊन राहतं. ताणून झाल्याबरोबर तार काही अंशांनी गरम असते. लगेच वाचन घेतलंत तर ते जास्तच येणार. ताणल्यावर पाचेक मिनिटं थांबा, करंट बंद ठेवून, मग मोजा. व्होल्टमीटरचा आकडा हळूहळू उतरताना दिसला तर ताणण्याची उष्णता निघून जाते आहे, चढताना दिसला तर करंटने तार तापते आहे.

दवबिंदू

थांबत नव्हतो, हे खरं. मुलं ताणतात आणि लगेच मीटर बघतात. करंटचं म्हणाल तर १ अँपिअर देतो. ०.१ दिला तर व्होल्ट २१ मिलिव्होल्टवर येतात आणि आमचा मीटर तिथे शेवटचा आकडा नाचवत बसतो.

प्रयोगवही

मग अर्धा अँपिअर द्या. आणि करंटची दिशा उलटून दोन्ही वाचनांची सरासरी घ्या, म्हणजे पिनांच्या टोकांशी तापमानातल्या फरकाने तयार होणारा छोटा व्होल्टेज निघून जाईल.

ताणकाम

तिसरा संशयित पण आहे, ताण सगळीकडे सारखा न पडणं. अर्धी तार १.१ पट आणि अर्धी १.३ पट ताणली गेली, तर खुणांमधलं अंतर १.२ पटच दिसेल, पण रेझिस्टन्स (१.२१ + १.६९)/२ = १.४५ पट येईल. असमान ताण नेहमी आकडा वरच नेतो, खाली कधीच नाही.

दवबिंदू

व्यास आम्ही मायक्रोमीटरने बघतो. सारखी ताणली तर ०.४१७ मिलिमीटर यायला हवा.

अक्षय_बारावी

ताणकाम सरांच्या उदाहरणात एका अर्ध्या भागात ०.४३६ येईल आणि दुसऱ्यात ०.४०१. मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत वाचतो, म्हणजे साडेतीन घरांचा फरक. तो दिसायलाच पाहिजे. आणि तेवढ्या फरकाने रेझिस्टन्स ०.७ टक्केच वाढतोय. दोन टक्के वाढवायचे तर फरक आणखी मोठा हवा, तो तर नक्की दिसेल.

दवबिंदू

तार जिथे जिथे मोजतो तिथे एका घराच्या आतच फरक असतो. म्हणजे असमान ताण हे मोठं कारण नाही.

घाटमाथा

एक शंका. हे सगळं घनफळ कायम धरून चाललंय. ताणल्यावर घनफळ खरंच कायम राहतं का? रबर सोडलं तर बहुतेक गोष्टी ताणल्यावर किंचित फुगतात असं वाचलं होतं.

प्रयोगवही

चांगली शंका. तार परत मूळ लांबीवर येईल एवढीच हलकी ताणली, तर घनफळ खरोखर किंचित वाढतं. तांब्याची लांबी एक भाग वाढली तर व्यास अर्ध्या भागाने घटायला हवा, पण तो साधारण एक तृतीयांशानेच घटतो. म्हणून "०.१ टक्का ताणली तर रेझिस्टन्स ०.२ टक्के वाढतो" हे परीक्षेतलं उत्तर फक्त आकाराचा हिशोब धरला तर थोडं जास्त आहे, ०.१७ च्या जवळ येतं. त्यात ताणाखाली ρ बदलतो तो वेगळा. पुलांवर, यंत्रांवर चिकटवतात त्या स्ट्रेन गेजमध्ये कॉन्स्टंटनची पट्टी असते, तिथे दोन्ही मिळून रेझिस्टन्समधली टक्केवारीची वाढ लांबीतल्या वाढीच्या दुपटीच्या आसपास येते. पण वीस टक्के कायमची लांबलेली तार ही वेगळी गोष्ट आहे. तिथे घनफळ कायम धरणं अगदी चालतं.

मृण्मयी_स

म्हणजे दवबिंदूंच्या दोन टक्क्यांत दोन संशयित उरले, उष्णता आणि कडक होणं. ते वेगळे कसे करायचे?

ताणकाम

थंड झाल्यावर, पाच मिनिटं थांबून मोजा. जे उरेल ते बहुतेक कडक होण्याचं. खात्री करायची तर तीच तार तापवून मऊ करा आणि परत मोजा. पण गॅसच्या ज्योतीवर धरू नका. तांबं काळं पडतं, पापुद्रा सुटतो, तार खरोखर बारीक होते आणि आकडा खाली यायच्या ऐवजी वर जातो. लोखंडी नळीत कोळशाची पूड भरून त्यात तार ठेवा, तोंडं बंद करा आणि भट्टीत घाला, हवा लागता कामा नये.

दवबिंदू

लॅबला छोटी भट्टी आहे. तार सैल गुंडाळून नळीत ठेवीन. एक अडचण मात्र दिसते: शाईच्या खुणा जळून जातील.

कॉइलवाले

शाई नको. बारीक तांब्याच्या तारेचा एक-एक वेढा दोन्ही खुणांवर घट्ट मारा. भट्टीत तो टिकेल.

प्रयोगवही

चालेल, फक्त वेढे पहिल्यांदा ताणायच्या आधी मारू नका, तिथे तार दबून कमजोर होईल आणि मान तिथेच पडेल. ताणून झाल्यावर शाईच्या खुणेवर मारा, वेढ्यांसकट एकदा मोजा आणि मग भट्टीत घाला. आकडा १.४४ कडे किती सरकला ते इथे नक्की टाका. मला वाटतं निम्म्याहून जास्त फरक नुसत्या थांबण्यानेच जाईल.

ताणकाम

मला तेवढं वाटत नाही. वाचन आलं की बोलू.